बांगडीची निशाणी, डावा अंगठा आणि मिनिटाला तीस शब्द : जुन्नर-आंबेगावच्या बायका आणि प्रौढ साक्षरता

पेशवाईतील आणि त्यानंतरची मराठी कागदपत्रे चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. कागदाच्या शेवटी, जिथे सही असायला हवी तिथे, एखादे छोटेसे चित्र असते. कुणबी असेल तर नांगर, आणि बाई असेल तर बांगडी. शेजारी लिहिणारा कारकून त्या व्यक्तीचे नाव लिहून पुढे ‘निशाणी’ असे नोंदवतो. ज्याला अक्षर येत नाही त्याने आपल्या हाताने काढलेली ती खूण. पुढे इंग्रजी अमलात नांगर आणि बांगडी मागे पडल्या आणि त्यांची जागा शाईच्या ठशाने घेतली. ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, हे संक्षिप्त रूप तलाठी दप्तरापासून सोसायटीच्या वहीपर्यंत सर्वत्र रूढ झाले. साक्षरतेच्या इतिहासाकडे शाळेच्या बाजूने पाहण्याची आपल्याला सवय आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मात्र हा इतिहास कागदाच्या बाजूने पाहिला तर अधिक नीट कळतो.

कागदाची भीती इथे जुनी आहे. मे १८७५ मध्ये भीमथडीतल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, तो खतांवर, रोख्यांवर, गहाणपत्रांवर होता. ती मिळवायची आणि जाळायची. आपण कशावर निशाणी केली हे त्या शेतकऱ्याला कधीच वाचता आले नव्हते, आणि कोर्टात मात्र तोच कागद त्याच्यावर उलटत होता. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यात शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे शेतकऱ्याला वाचता येत नाही हे सरकारने गृहीत धरले आणि वाचणारा एक सरकारी माणूस मध्ये बसवला. शेतकऱ्याला वाचायला शिकवण्याचा विचार त्या कायद्यात नव्हता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी प्रौढांसाठी रात्रीची शाळा त्याआधीच, १८५५ साली, काढून दाखवली होती, हे इथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बाईचा कागदाशी संबंध आला तो बराचसा मुंबईमुळे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांतील पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईला जात आले. कुणी गिरणीत, कुणी हमालीला, कुणी डबे पोहोचवायला. मुंबईचे डबेवाले मुख्यतः याच पट्ट्यातले, आणि डब्यावरच्या रंगांच्या व अक्षरांच्या खुणा कमी शिकलेल्या माणसालाही चालाव्यात अशाच बेताने बसवलेल्या आहेत. गावात राहिलेल्या बायकोकडे महिन्याला दोन गोष्टी येत, मनिऑर्डर आणि पत्र. मनिऑर्डर घेताना सही येत नसेल तर अंगठा, आणि अंगठ्याला साक्षीदार. म्हणजे नवऱ्याने किती पैसे पाठवले हे घरात येण्याआधी शेजाऱ्याला ठाऊक. पत्राची गत त्याहून अवघड. ते पोस्टमन वाचणार, नाहीतर शाळेत जाणारे एखादे पोर. उत्तरही त्यालाच सांगून लिहवून घ्यायचे. सासूविषयीची तक्रार, दिवस राहिल्याची बातमी, पैशांची ओढाताण, यांतले काहीही तिसऱ्या माणसाच्या तोंडून गेल्याशिवाय मुंबईला पोहोचत नसे. प्रौढ शिक्षणाच्या सरकारी पुस्तिकांत ‘विकास’, ‘जागृती’ हे शब्द पुष्कळ सापडतात. पण आपले पत्र आपणच वाचावे ही इच्छा त्या सर्व शब्दांहून जुनी आणि अधिक खासगी आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रातील पहिला मोठा प्रयत्न म्हणजे ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि काही वर्षांतच राज्यभर पसरली. तिची रचना साधी होती. गावातील प्राथमिक शिक्षकांनी आणि शिकलेल्या तरुणांनी रात्री वर्ग घ्यायचे, सुमारे चार महिन्यांत मूलभूत वाचन-लेखन शिकवायचे, आणि गावातील १४ ते ५० वयाचे सर्वजण साक्षर झाले की समारंभपूर्वक तसे जाहीर करायचे. त्याला ग्रामगौरव समारंभ म्हणत. इथे मोजमापाचे एकक व्यक्ती नव्हती, सबंध गाव होते. या एका निर्णयाने मोहिमेचे बळ आणि दुबळेपण दोन्ही ठरले. गावाची अब्रू पणाला लागल्यामुळे, एरवी उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या सुनेलाही सासऱ्याने वर्गाला धाडावे असा दबाव तयार झाला. परंतु समारंभाची तारीख ठरली की उरलेल्या मागे पडलेल्यांना कसेबसे पलीकडे नेण्याची घाई होई, आणि त्यांत बायका अधिक असणे स्वाभाविक होते. समारंभानंतर वाचायला गावात काही नव्हते. चार महिन्यांत आलेले अक्षर वर्षा-दोन वर्षांत पुसले गेले, तर त्यात नवल नाही.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा एकक बदलले. आता गाव नाही, केंद्र. एका केंद्रात तीसच्या आसपास प्रौढ, वय १५ ते ३५, मुदत दहा महिने, आणि शिकवणाऱ्याला महिन्याला ५० रुपये मानधन. पाच वर्षांत दहा कोटी प्रौढ, असे देशाचे लक्ष्य होते. केंद्राच्या साहित्यात पाट्या, फळा आणि कंदील. वीज पोहोचलेली नव्हती अशा मावळच्या वाड्यांत कंदील हा त्या केंद्राचा खरा प्राण होता. रॉकेल संपले की वर्ग संपला.

या कंदिलाशी एक साधी शारीरिक गोष्ट निगडित आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यांना जवळचे अक्षर दिसेनासे होऊ लागते, आणि मंद उजेडात ते आणखी लवकर जाणवते. तिशीपस्तिशीत नाव घातलेली बाई कागदावर पस्तीसची असे, प्रत्यक्षात पुष्कळदा मोठी, कारण जन्मतारखेची नोंद कुणाकडे नव्हती. शिक्षकाला वाटे, हिच्या डोक्यात शिरत नाही. तिलाही तसेच वाटे. ‘आता या वयात काय येणार’ हे वाक्य जे शेकडो वेळा ऐकू येते, त्यातल्या काही वेळा त्याचा अर्थ ‘मला चष्मा हवा’ इतकाच असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. बाई पुस्तक हाताच्या अंतरावर दूर धरते, फळ्यावरचे मोठे अक्षर वाचते आणि पुस्तकातले तेच अक्षर चुकवते. अशी बाई काही दिवसांनी येणे थांबवते, आणि हजेरीपटात तिच्यासमोर ‘गळती’ अशी नोंद होते.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दशकात जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या. मानधनाची जागा स्वयंसेवकाने घेतली, आणि एका स्वयंसेवकाकडे सुमारे दहा जण. मुख्य बदल अभ्यासक्रमात होता. एकूण २०० तास, तीन वाचनपुस्तिका, प्रत्येक पुस्तिकेत तीन चाचण्या, म्हणजे नऊ छोट्या पायऱ्या. सुरुवात ‘अ, आ, इ’ ने करायची नाही. ओळखीच्या विषयावरचे एक अर्थपूर्ण शब्द किंवा वाक्य घ्यायचे, ते फोडून त्यातली अक्षरे वेगळी करायची, आणि आकाराने सोपी व वापरात वारंवार येणारी अक्षरे आधी शिकवायची. ‘घर’, ‘काम’, ‘नळ’ अशा शब्दांतली चार-पाच अक्षरे आली की त्यांच्याच जुळणीतून नवे शब्द लगेच वाचता येतात, आणि पहिल्याच आठवड्यात ‘मला वाचता आले’ असा अनुभव मिळतो. सबंध मुळाक्षरे आणि बाराखडी पाठ होईपर्यंत एकही खरा शब्द न वाचणे, हे लहान मुलाला चालते. दिवसभर शेतात वाकून आलेल्या बाईला ते चालत नाही.

याच अभियानाने देशात साक्षरतेची नेमकी पातळी आखून दिली. साधा उतारा मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, मनात ३५. पाहून लिहिणे मिनिटाला ७ शब्द, ऐकून लिहिणे ५. शंभरपर्यंतचे आकडे, तीन अंकांपर्यंत बेरीज-वजाबाकी, दोन अंकांपर्यंत गुणाकार-भागाकार, शिवाय वजनमापे, पैसे, वेळ आणि व्याजाची ढोबळ कल्पना. अंतिम चाचणीत वाचन, लेखन आणि गणित या प्रत्येकात किमान ५० टक्के व एकूण ७० टक्के गुण मिळाले तरच ती व्यक्ती नवसाक्षर.

मिनिटाला ३० शब्द म्हणजे दोन सेकंदांना एक शब्द. ऐकायला हे फारच संथ वाटते. पण वर्गात तीन-चार महिने येऊन गेलेली बाई कशी वाचते ते पाहिले की या आकड्याचा अर्थ उलगडतो. ‘ग ला काना गा, व ला काना वा, त… गावात’ असे एकेक अक्षर जुळवत ती वाक्याच्या शेवटी पोहोचते तोवर वाक्याची सुरुवात तिच्या स्मरणातून गेलेली असते. अक्षरे ओळखली जातात, अर्थ हाती लागत नाही. प्रौढांच्या वाचनाचा अभ्यास करणाऱ्या हेलन अबादझी यांनी नेमके हेच दाखवले. अल्पकालीन स्मृती काही सेकंदच टिकते. त्या अवधीत वाक्य वाचून झाले नाही तर समजत नाही, आणि जे वाचून समजत नाही ते कुणी स्वतःहून वाचत नाही. म्हणून त्या वेगाच्या अलीकडे वर्ग सुटलेल्या बाईचे अक्षर मागे जाते आणि पलीकडे पोहोचलेलीचे टिकते. मराठीत त्या उंबरठ्यावरचा मोठा अडथळा जोडाक्षरांचा. ‘पाणी’, ‘शाळा’, ‘बाजार’ येणारी बाई ‘ग्रामपंचायत’, ‘रक्कम’, ‘जिल्हा’ या शब्दांपाशी थबकते. आणि कामाचे कागद नेमके अशाच शब्दांनी भरलेले असतात.

आता हे २०० तास जुन्नर-आंबेगावच्या वर्षात बसवून पाहावेत. रोज दीड तास, आठवड्यातून सहा दिवस, एकही खाडा नाही असे धरले तरी २०० तासांना सुमारे २२ आठवडे लागतात, म्हणजे पाच महिन्यांहून थोडे अधिक. दिवाळीनंतर वर्ग सुरू केला तर चैत्र उजाडतो. आहुपे, इंगळूण यांसारख्या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी किंवा ठाकर बाईचे वर्ष असे : कार्तिकात भाताची कापणी आणि झोडणी, ती उरकली की पुष्कळ कुटुंबे मजुरीसाठी पूर्वेकडे बागायती भागात उतरतात. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर पहाटे या पश्चिम पट्ट्यातून आलेली माणसे उभी असतात. उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा, सरपण साठवायचे, राब भाजायचा, आणि झरे आटल्यावर पाण्यासाठी लांब चालायचे. मग लग्नसराई, जत्रा, आणि आषाढात गुडघाभर चिखलात भातलावणी. या वर्षात सलग २२ आठवडे कुठेच सापडत नाहीत. जे सापडतात ते पाच-सहा आठवड्यांचे तुकडे, आणि दोन तुकड्यांच्या मधल्या काळात आधीचे अर्धे विसरलेले.

पूर्वेकडच्या बागायती गावांत चित्र वेगळे, पण निष्पत्ती तीच. कुकडी, मीना आणि घोडच्या पाण्यावर कांदा, टोमॅटो, ऊस उभा राहिला. कांद्याची लागण आणि काढणी ही बायकांची कामे, आणि ती नेमकी वर्गाच्या मोसमात येतात. इथे बाई गाव सोडून जात नाही, ती संध्याकाळी इतकी दमलेली असते की बसल्या जागी डोळा लागतो. त्यामुळे ‘गळती’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात. डोंगरातली बाई वर्गापासून दूर जाते, बागायतीतली बाई वर्गाशेजारीच असूनही येऊ शकत नाही. पहिलीसाठी मोसमानुसार तुकड्यांत, प्रत्येक वेळी चार दिवस उजळणी करून पुढे जाणारा वर्ग लागतो. दुसरीसाठी वेळ बदलावी लागते. दोघींना एकच वेळापत्रक लावण्याचा हट्ट हा मोहिमांचा मोठा दोष मानावा लागेल.

वेळेपुरते बोलायचे तर नाणेघाट-माळशेजच्या खाली, जुन्नरच्या शेजारीच असलेल्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने एक उदाहरण घालून दिले. ८ मार्च २०१६ रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. विद्यार्थिनी साठीपुढच्या, गणवेश गुलाबी नऊवारी, शिकवणारी गावातलीच एक सून. वर्ग रात्री नाही, दुपारी दोन ते चार. सकाळचा स्वयंपाक आणि शेत उरकलेले, संध्याकाळची धार-चूल अजून लांब. उजेड फुकट आणि भरपूर. या आज्यांचे कारणही नोंद घेण्यासारखे होते. गावात पारायण होई तेव्हा इतर वाचत आणि त्या ऐकत. आपल्यालाही पोथी वाचता यावी, एवढीच त्यांची मागणी होती. बँक नाही, योजना नाही. प्रौढ शिक्षणाचे नियोजन करणाऱ्यांनी धार्मिक वाचनाची ओढ बहुधा दुय्यम मानली. पण पोथीला एक अध्यापनशास्त्रीय फायदा आहे, जो सरकारी वाचनपुस्तिकेला नाही : तिच्यातले शब्द वर्षानुवर्षे कानावरून गेलेले असतात. पुढचा शब्द काय येणार हे ठाऊक असल्यामुळे डोळा आणि कान एकमेकांना आधार देतात आणि वेग वाढतो.

अर्थात त्यातच एक फसगतही लपलेली असते. पाठ असलेला मजकूर बाई ‘वाचते’ तेव्हा ती खरोखर वाचते आहे की म्हणते आहे? वाचनपुस्तिकेच्या पहिल्या धड्यांबाबतही हाच प्रश्न येतो, कारण महिनाभर तोच धडा ऐकून तो तोंडपाठ झालेला असतो आणि चित्र पाहताच ओळी ओठांवर येतात. अनुभवी शिक्षक त्यासाठी चित्र हाताने झाकतो, ओळीच्या मधल्याच शब्दावर बोट ठेवतो, किंवा त्याच अक्षरांचा धड्यात नसलेला शब्द पाटीवर लिहितो. सहीचेही असेच. समजा एखादीचे नाव सखूबाई. ती झोकात सही करते, पण ‘सरपंच’ या शब्दातला ‘स’ तिला ओळखता येत नाही. तर तिची सही हे अक्षर नसून चित्र आहे. त्या अर्थाने ती जुन्या बांगडीच्या निशाणीची नातच म्हणायची.

तरीही सहीला हसू नये. १९९०च्या दशकात पुणे जिल्ह्यात बचत गटांची चळवळ वाढली. जुन्नर-आंबेगावला लागून असलेल्या खेड तालुक्यात, राजगुरुनगरच्या ‘चैतन्य’ संस्थेने गटांचे संघ उभारण्याचे काम केले. गटाचे खाते उघडायचे तर अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या लागत. अंगठ्याच्या खात्याला बँका सहसा चेकबुक देत नसत, आणि अंगठा उठवताना ओळखणारा साक्षीदार लागे. त्यामुळे सही येणे म्हणजे साक्षीदाराविना काउंटरपुढे उभे राहणे. त्याच काळात ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि महाराष्ट्रात २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर गेले. ठरावाच्या वहीखाली सही करणारी सदस्य तो ठराव वाचू शकत नसेल, तर काय होते हे कुणाही गावकऱ्याला सांगावे लागत नाही.

गटामुळे साक्षरता वर्गांचे गणितच पालटले, आणि हा या सबंध इतिहासातील लक्षणीय भाग आहे. वर्गात शिकलेले अक्षर वापरायला गावात काही नाही, ही ग्रामशिक्षण मोहिमेची अडचण होती. बचत गटाने दरमहा वापरण्याची एक जागा दिली. हजेरी, बचत, कर्ज, व्याज, शिल्लक, असे पाच-सहा शब्द आणि काही आकडे, पुन्हा पुन्हा, स्वतःच्या पैशांविषयी. शिवाय या बायका हिशेबात कच्च्या कधीच नव्हत्या. मंचर किंवा ओतूरच्या बाजारात भाजी विकणारी बाई शेर-किलोचा आणि सुट्या पैशांचा हिशेब तोंडी करते, पदवीधराला मागे टाकील इतक्या वेगाने. तिला हवे असतात ते फक्त लेखी आकडे. म्हणून वर्गांत अंकज्ञान लवकर येते आणि अक्षर मागून. चाचणीत गणित पक्के आणि लेखन कच्चे असा निकाल लागला तर तो बाईच्या बुद्धीविषयी काही सांगत नाही, ती आधी काय जाणत होती ते सांगतो.

मग प्रगती मोजायची कशी? जनगणना सर्वांत मोठा आकडा देते आणि सर्वांत कमी तपासते. समजून वाचता आणि लिहिता येते का, एवढे विचारले जाते, आणि १९९१ पासून सात वर्षांपुढील सर्वांसाठी तो प्रमाण धरला जातो. महाराष्ट्रात बायकांचे प्रमाण १९९१ मध्ये सुमारे ५२ टक्के होते, २०११ मध्ये सुमारे ७६ टक्के. पण उत्तर बहुधा घरातील कर्ता पुरुष देतो आणि चाचणी कुणाचीच होत नाही. बायकोला वाचता येते की नाही याविषयी नवऱ्याचे मत, असेही या आकड्याचे वर्णन करता येईल. शिवाय या वाढीचा मोठा वाटा शाळेत गेलेल्या मुली मोठ्या झाल्याचा आणि निरक्षर आज्या काळाआड गेल्याचा आहे. त्यातून प्रौढ वर्गांचे श्रेय वेगळे काढणे कठीण.

साक्षर भारत योजना २००९ साली आली तेव्हा ज्या जिल्ह्यांत स्त्री-साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी होती, मुख्यतः तेच जिल्हे घेतले गेले. जिल्ह्याची सरासरी हा निकष असल्यामुळे पुण्यासारखा शहरी जिल्हा त्यात आला नाही. पुणे शहराच्या साक्षरतेने आहुप्याच्या निरक्षरतेवर पांघरूण घातले. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते मूळ गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. त्या खोऱ्यातल्या माणसांना नोटिसा, मोबदला आणि पुनर्वसनाचे कागद जिल्ह्याच्या सरासरीने वाचायचे नव्हते.

सध्याचा ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासूनचा. त्याची महाराष्ट्रातील पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की उत्तीर्ण. वयाची वरची मर्यादा नाही, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु जुन्या ७० टक्क्यांच्या निकषाशेजारी हे ३३ टक्के ठेवले की, दोन काळांतील ‘साक्षर’ या शब्दाची तुलना जपून करावी लागते. प्रश्नपत्रिका निराळ्या, हेतू निराळे. पण घड्याळ लावून वाचायला लावणारा तो मिनिटाला तीस शब्दांचा निकष या मार्चच्या एका दिवसाच्या लेखी परीक्षेत उतरत नाही. आणि अक्षर टिकणार की जाणार, हे सांगणारा निकष तोच होता.

बायकांची स्वतःची मोजमापे मात्र आकड्यांत नसतात. नारायणगावच्या स्थानकावर एसटीची पाटी वाचून गाडीत चढणे, ‘ही गाडी घोडेगावला जाते का’ असे कुणाला न विचारता. गटाच्या पासबुकातली शिल्लक आणि सचिवाने सांगितलेली शिल्लक ताडून पाहणे. दवाखान्यात दोन गोळ्यांच्या पाकिटांतला फरक ओळखणे. पूर्वी या यादीत मुंबईचे पत्र असे. मोबाइल आला आणि पत्र गेले, ते वाचण्याची निकडही गेली. तिच्या जागी आता बँकेचा संदेश आहे, आणि तो बहुधा इंग्रजीत येतो.

रेशन दुकानात २०१०च्या दशकात आधारशी जोडलेले यंत्र बसले. आता धान्य घेताना पदवीधर सून आणि कधीच शाळेत न गेलेली सासू, दोघीही त्याच काचेवर अंगठा ठेवतात. वर्षानुवर्षे विळा, खुरपे आणि चुलीचा धूर सोसलेल्या सासूच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र तो ठसा कधी कधी ओळखत नाही, आणि तिला बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगितले जाते. सही येत असली तरी ती तिथे चालत नाही.